बिलाची बेरीज कशाचा पुरावा आहे?



आजचा प्रश्न छोटा आहे. विक्रीच्या बिलाखाली छापलेली एकूण रक्कम वरच्या आकड्यांच्या बेरजेशी जुळली, तर नेमके काय सिद्ध होते? शाळा, सहकारी संस्था, छोटे कारखाने अशा बहुतेक ठिकाणी बिल तपासणे म्हणजे शेवटची बेरीज पुन्हा मारून पाहणे. बेरीज जुळली की कोपऱ्यात सही होते आणि बिल पैशांसाठी पुढे सरकते. माझे म्हणणे असे की ही बेरीज बिलातल्या सगळ्या पुराव्यांपैकी सर्वांत दुबळा पुरावा आहे. बिलातला प्रत्येक आकडा दुसऱ्या कुठल्या तरी आकड्याशी एका नियमाने बांधलेला असतो. तपासणी म्हणजे त्या प्रत्येक नियमाची वेगळी परीक्षा. आणि जिथे आकडे जमत नाहीत तिथे तपासणाऱ्याने ते जमवून द्यायचे नसतात. कोणत्या ओळीत, कोणता नियम, छापलेले किती, निघते किती, एवढे लिहून बिल परत पाठवायचे असते. हे दुसरे विधान पहिल्यापेक्षा जास्त वादाचे आहे, म्हणून त्याच्यावरच्या आक्षेपांना शेवटी सवडीने उत्तर देईन. आधी पुरावा पाहू.

त्यासाठी एक काल्पनिक बिल घेतो. माल, कराचे दर आणि नियम मात्र खरे आहेत. पुण्याच्या एका वितरकाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कोल्हापूरच्या एका शाळेला लेखनसाहित्य विकले. विकणारा आणि घेणारा दोघेही महाराष्ट्रातले, म्हणून वस्तू व सेवा कर निम्मा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. हाच माल बेळगावहून आला असता तर एकच एकात्मिक कर लागला असता, आणि दोन्ही प्रकारचे कर एकाच ओळीत दिसले असते तर तिथेच थांबावे लागले असते. शाळेची करनोंदणी नाही, त्यामुळे करमुक्त वह्या आणि करपात्र कागद एकाच बिलात दाखवायची वितरकाला मुभा आहे. नोंदणी नसल्यामुळेच शाळेला भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. जास्त लागलेला प्रत्येक रुपया तिच्या खर्चातच पडतो. बिल असे छापले आहे:

| माल | नग | दर | सूट | सूट वजा रक्कम | कराचा दर | कर | ओळीची एकूण |
|---|---|---|---|---|---|---|---|
| वह्या, २०० पानी | ४८० | ४२.०० | – | २०,६१०.०० | शून्य | – | २०,६१०.०० |
| कंपासपेट्या | १२५ | ८६.५० | १०% | ९,७३१.२५ | ५% | ५४०.६२ | १०,२७१.८७ |
| कागद, ए-४, रीम | ३६ | २४८.७५ | ४% | ८,५९६.८० | १८% | १,५४७.४२ | १०,१४४.२२ |
| बॉलपेन, खोके | १५ | ११३.३० | – | १,६९९.५० | १८% | ३०५.९२ | २,००५.४२ |

खाली ओळींची बेरीज ४३,०३१.५१ आहे, पूर्णांकनापोटी ०.४९ मिळवले आहेत आणि देय रक्कम ४३,०३२ रुपये आहे. आता नेहमीची तपासणी करा. शेवटच्या रकान्याची बेरीज मारा, ती ४३,०३१.५१ भरते. सूट वजा रकमांची बेरीज ४०,६३७.५५, कराची २,३९३.९६, आणि दोन्ही मिळून पुन्हा ४३,०३१.५१. उभी बेरीज जुळली, आडवी जुळली, पूर्णांकनही पन्नास पैशांच्या आत आहे. सही करायला हरकत दिसत नाही. तरीही या बिलात शाळेकडून ५०५ रुपये जास्त मागितले आहेत, आणि त्यामागे एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन चुका आहेत. बेरजेला त्या दिसल्या नाहीत, कारण बेरजेने फक्त एकच गोष्ट तपासली: छापलेले आकडे छापले तसे मिळवले आहेत की नाही. ते आकडे कुठून आले हे बेरजेला विचारताच येत नाही.

पहिली चूक पहिल्याच ओळीत आहे. ४८० वह्या, ४२ रुपये दराने, २०,१६० रुपये होतात. छापले आहेत २०,६१०. फरक ४५० चा. हा फरक ९ ने निःशेष भागला जातो, ही हिशेबनिसांची जुनी खूण आहे. दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमीच ९ च्या पटीत येतो, आणि इथे १ आणि ६ यांनी जागा बदलल्या आहेत हे उघड दिसते. पण यातली अधिक शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे गुणाकार पडताळायची परंपरागत रीत म्हणजे नवाचा ताळा. ४८० च्या अंकांची बेरीज १२, म्हणजे ३. ४२ ची ६. ३ गुणिले ६ म्हणजे १८, म्हणजे ९. आता २०,६१० च्या अंकांची बेरीज करा: ९. ताळा बरोबर बसला, आणि उत्तर चूक आहे. अंक तेच राहून फक्त जागा बदलल्या तर त्यांची बेरीज बदलत नाही, म्हणून नवाचा ताळा या जातीच्या चुकीला जन्मतः आंधळा आहे. अकराचा ताळा तसा नाही. त्यात अंक एकाआड एक मिळवायचे आणि वजा करायचे असल्याने शेजारच्या अंकांची जागा बदलली की बाकी बदलते. उजवीकडून सुरुवात केली तर ४८० ची बाकी ७ आणि ४२ ची ९ येते. त्यांच्या गुणाकाराची, म्हणजे ६३ ची, बाकी ८. २०,१६० ची बाकीही ८ च येते, पण २०,६१० ची ७. म्हणजे कोणतीही पडताळणी ‘उत्तीर्ण’ झाली याचा अर्थ ती ज्या जातीची चूक पकडू शकते ती चूक नाही, एवढाच. एका कसोटीवर बिल सोडून देणे धोक्याचे का, याचे याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

दुसरी चूक कंपासपेट्यांच्या ओळीत आहे, आणि तिथे सगळे आकडे पहिल्या नजरेला नीट दिसतात. १२५ गुणिले ८६.५० म्हणजे १०,८१२.५०. दहा टक्के सूट १,०८१.२५. उरले ९,७३१.२५, हे बिलात बरोबर छापले आहे. त्यावर पाच टक्के कर, म्हणजे केंद्राचा अडीच टक्के २४३.२८ आणि राज्याचा तेवढाच, मिळून ४८६.५६ व्हायला हवा. छापला आहे ५४०.६२. फरक ५४.०६ चा. हा आकडा कुठून आला ते शोधायला फार दूर जावे लागत नाही: १,०८१.२५ चे पाच टक्के ५४.०६ होतात. सूट वजा केली, पण कर सूट धरण्यापूर्वीच्या रकमेवर लावला. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाचे कलम १५ याबाबत स्पष्ट आहे: माल देताना किंवा त्यापूर्वी दिलेली आणि बिलात दाखवलेली सूट कराच्या मूल्यात धरली जात नाही. अशा ठिकाणी फरकाचा आकडाच चुकीचे कारण सांगतो. म्हणून परत पाठवताना ‘कर चुकला’ एवढे लिहिणे पुरेसे नसते. छापलेला आकडा, निघणारा आकडा आणि त्यांतला फरक पैशासकट लिहिला, तर वितरकाच्या हिशेबनिसाला आपल्या पत्रकातले चुकलेले सूत्र लगेच सापडते.

चौथ्या ओळीत उलटा प्रकार आहे. तिथे चूक दिसते पण ती चूक नाही. १,६९९.५० वर १८ टक्के म्हणजे ३०५.९१. बिलात ३०५.९२ आहेत. एक पैसा जास्त का? कारण बिलात १८ टक्के हा एक कर नसून नऊ-नऊ टक्क्यांचे दोन कर आहेत. नऊ टक्के म्हणजे १५२.९५५, ते पैशापर्यंत पूर्ण केले की १५२.९६, आणि असे दोन मिळून ३०५.९२. तपासणाऱ्याने थेट १८ टक्के काढले तर त्याला खोटा फरक दिसेल. म्हणून नियम असा हवा की बिलात कर ज्या रीतीने मोडला आहे त्याच रीतीने तो तपासायचा, आणि पूर्णांकन त्याच पायरीवर करायचे. यंत्राने तपासणाऱ्यांना इथे आणखी एक खड्डा आहे. संगणक दशांश अपूर्णांक सहसा द्विमान रूपात साठवतो आणि त्यात बरेच अपूर्णांक नेमके बसत नाहीत. पायथन भाषेत `round(2.675, 2)` असे विचारले तर उत्तर 2.68 न येता 2.67 येते, कारण आत साठलेली संख्या २.६७५ हून किंचित कमी असते. उपाय साधा आहे. सगळी रक्कम पैशांत, पूर्ण संख्येत धरावी. १,६९,९५० पैशांचे नऊ टक्के १५,२९५ पैसे आणि अर्धा पैसा. अर्धा किंवा जास्त असेल तर वर, या नियमाने १५,२९६. इथे संदिग्धता उरत नाही.

मग फरक किती आला तर सोडून द्यायचा? या प्रश्नाचे उत्तर मनाने ठरवायचे नसते, ते गणितातूनच निघते. पैशापर्यंत पूर्ण करताना एका ओळीत एका करामागे जास्तीत जास्त अर्धा पैसा इकडेतिकडे होतो. चार ओळी आणि दोन कर असतील तर सगळे मिळून चार पैसे. काही वितरक कर ओळीगणिक पूर्ण करतात, काही एका दराच्या सगळ्या ओळी एकत्र करून. दोन्ही रीती प्रचलित आहेत, आणि त्यांतला फरकही या मर्यादेतच राहतो. याच्या बाहेर गेलेला फरक पूर्णांकनाचा नाही, मग तो कितीही लहान असो. शेवटच्या रुपयाच्या पूर्णांकनालाही अशीच भिंत आहे. कलम १७० कराची रक्कम जवळच्या रुपयापर्यंत नेताना पन्नास पैशांची सीमा घालते, आणि व्यवहारात बिलाच्या एकूण रकमेलाही तीच रीत लावतात. म्हणून पूर्णांकनाच्या ओळीत पन्नास पैशांहून मोठा आकडा दिसला, तर ती ओळ दुसरीच कुठली तरी तूट बुजवायला वापरली आहे असे समजावे.

इथे पहिला आक्षेप येतो. व्यवहारी माणूस म्हणेल: एवढ्या ओळी कशाला तपासायच्या? एकूण रक्कम मुळापासून पुन्हा काढावी, आणि फरक पंधरा-वीस रुपयांच्या आत असला तर बिल मंजूर करावे. बेचाळीस हजारांच्या बिलात वीस रुपये म्हणजे काहीच नाही. हा युक्तिवाद समंजस वाटतो, पण चुका एकाच दिशेने होतात हे त्याने गृहीत धरले आहे. याच बिलात तिसऱ्या ओळीत आणखी एक चूक घालून पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा कागदाचा दर बारा टक्क्यांवरून अठरा टक्क्यांवर गेला. समजा बिलाच्या रकान्यात दर १८ टक्के छापला, पण सूत्रात जुने बारा टक्केच राहिले. कर १,५४७.४२ ऐवजी १,०३१.६२ लागेल, म्हणजे ५१५.८० रुपये कमी. आता तिन्ही चुका एकत्र धरा: पहिल्या दोन मिळून ५०४.०६ जास्त, तिसरी ५१५.८० कमी. एकूण रकमेतला फरक उरतो ११.७४. म्हणजे चार ओळींपैकी तीन चुकलेले बिल वीस रुपयांच्या चाळणीतून सहज पार होते, आणि एकच लहान चूक असलेले बिल अडकते. एकूण रकमेवर लावलेली सवलत ही चुकीच्या आकाराची मोजणीच नव्हे. ती मोजते चुकांची वजाबाकी. सवलत द्यायचीच असेल तर ती प्रत्येक नियमाला वेगळी, आणि वर सांगितलेल्या पैशांच्या मर्यादेत द्यावी.

यावरून तपासणीची रचना ठरते. मोजायचे दोनदा, पण दोन वेगळ्या पद्धतींनी. पहिल्या वेळी प्रत्येक नियम छापलेल्या आकड्यांवरच लावायचा. नग गुणिले दर वजा सूट बरोबर छापलेली रक्कम आहे का? छापलेल्या रकमेवर छापलेला दर लावला तर छापलेला कर येतो का? छापलेल्या ओळींची बेरीज छापलेल्या एकूण रकमेएवढी आहे का? असे केल्याने एक चूक एकदाच नोंदली जाते, आणि जिथे जन्मली तिथेच नोंदली जाते. आपल्या बिलात या फेरीत दोनच नोंदी होतात, वह्यांच्या रकमेची आणि कंपासपेट्यांच्या कराची. बेरजा निर्दोष ठरतात, आणि त्या खरोखरच निर्दोष आहेत. दुसऱ्या फेरीत नग, दर, सूट आणि कराचा दर एवढेच घेऊन सगळे मुळापासून काढायचे: एकूण ४२,५२७.४५, पूर्णांकन उणे ०.४५, देय ४२,५२७. फक्त हीच फेरी केली असती तर एका वह्यांच्या चुकीमुळे ओळीची रक्कम, रकमांची बेरीज आणि एकूण असे तीन फरक दिसले असते, आणि वितरकाला तीन चुका शोधायला सांगितल्यासारखे झाले असते. दोन्ही फेऱ्या केल्या की त्या एकमेकींचा ताळा होतात. पहिल्या फेरीतले फरक ४५० आणि ५४.०६, मिळून ५०४.०६. दुसऱ्या फेरीतला पूर्णांकनापूर्वीचा फरक, ४३,०३१.५१ वजा ४२,५२७.४५, तोही ५०४.०६. दोन पूर्णांकनांतले अंतर ९४ पैसे मिळवले की देय रकमेतले ५०५ रुपये पूर्ण होतात. हे न जुळते तर एखादी चूक अजून सापडायची राहिली असे निश्चित कळले असते. तपासणी पुरी झाली की नाही हे ठरवायची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप असा की आता बिले संगणकावर होतात, यंत्र गुणाकारात चुकत नाही, शिवाय ई-बिलाची सरकारी नोंदणीही आहे. यंत्र चुकत नाही हे मान्य. पण बिले पुष्कळदा साध्या पत्रकात तयार होतात, आणि एखाद्या चौकटीत सूत्राच्या जागी घाईत आकडा टंकला की त्या चौकटीपुरते यंत्र गुणाकार करायचे थांबते. बाकीच्या चौकटी मात्र त्या चुकीच्या आकड्यावर अचूक बेरीज करत राहतात. आपल्या बिलाची बेरीज जुळते ती याचमुळे. ई-बिलाची सक्ती पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना, आणि तीही नोंदणीकृत ग्राहकाला विकताना आहे. नोंदणी नसलेल्या शाळेच्या बिलाला ती लागू होत नाही. जिथे लागू आहे तिथेही नोंदणीचा चौसष्ट अक्षरी क्रमांक विक्रेत्याचा करक्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिलाचा क्रमांक यांवरून बनतो. रक्कम त्यात गुंफलेली नसते. म्हणून तो क्रमांक हे बिल एकदाच नोंदले गेल्याची खूण आहे. नग आणि दर खरे असल्याचे प्रमाणपत्र म्हणून तो वाचता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. चूक सापडली, कारणही कळले, तर तपासणाऱ्याने आकडा दुरुस्त करून ४२,५२७ रुपये द्यावेत, बिल परत पाठवून महिना कशाला घालवायचा? याला माझी दोन उत्तरे आहेत. पहिले गणिताचे. नग, दर आणि रक्कम हे तीन आकडे जमत नाहीत एवढेच आपल्याला माहीत आहे. त्यांतला कोणता चुकला हे गणित सांगत नाही. २०,६१० ला ४२ ने भागले तर ४९० वह्या आणि वर अपूर्णांक येतो, ४८० ने भागले तर दर ४२.९३७५ येतो. दोन्ही उत्तरे विचित्र आहेत, म्हणून रक्कमच चुकली असावी हा अंदाज बळकट होतो. पण तो अंदाजच. तो पक्का करायला खरेदीचा आदेश आणि माल उतरवतानाचे चलन पाहावे लागते, आणि ते कागद बिलाच्या बाहेर आहेत. दुसरे उत्तर कायद्याचे. बिल हा विक्रेत्याचा दस्तऐवज आहे. त्यातला कर तो आपल्या विवरणपत्रात दाखवतो, आणि कर म्हणून गोळा केलेली रक्कम कलम ७६ नुसार त्याला सरकारजमा करावीच लागते. बिलात करपात्र मूल्य किंवा कर जास्त लागला असेल तर कलम ३४ नुसार विक्रेत्यानेच क्रेडिट नोट द्यायची असते, आणि कमी लागला असेल तर डेबिट नोट. ग्राहकाने आपल्या प्रतीवर लाल शाईने आकडा बदलला, तर एकाच क्रमांकाची दोन बिले तयार होतात: एक विक्रेत्याच्या वहीत, एक शाळेच्या दप्तरात. पुढे लेखापरीक्षक दोन्ही जुळवायला बसेल तेव्हा मूळ चूक पुसलेली असेल, आणि तिच्या जागी दोन खरे-खोटे आकडे उभे असतील. म्हणून सोय कमी आणि कटकट जास्त असली तरी बिल परतच जायला हवे.

परत पाठवण्याच्या चिठ्ठीत तीन प्रकारचे निकाल असू शकतात, दोन नव्हे. जुळते, जुळत नाही, आणि तपासता येत नाही. तिसरा प्रकार बऱ्याचदा गाळला जातो. सुटीचा रकाना कोरा असेल, दर करासहित की करावेगळा ते लिहिलेले नसेल, नगाऐवजी ‘लॉट’ लिहिले असेल, तर नियम लावायला आकडाच नसतो. करासहित दर असेल तर नियमच बदलतो: अठरा टक्क्यांच्या मालाचे ११८ रुपये म्हणजे १०० मूल्य आणि १८ कर, ११८ चे अठरा टक्के नव्हेत. अशा ठिकाणी गृहीत धरून ‘जुळते’ लिहिणे हे चूक पास करण्याइतकेच वाईट.

शेवटी या पद्धतीची मर्यादा सांगितली पाहिजे, नाहीतर मी ज्या दोषावर बोट ठेवले तोच माझ्या पदरी येईल. छापलेल्या आकड्यांचे आपसांतले नाते तपासून बिल सुसंगत आहे की नाही ते कळते, बरोबर आहे की नाही ते कळत नाही. समजा याच बिलात वह्यांची रक्कम २०,१६० नीट छापली, आणि कराच्या रकान्यात बारा टक्के व २,४१९.२० रुपये कर लिहिला. गुणाकार अचूक, बेरीज अचूक, एकही नियम मोडलेला नाही. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवर कर शून्य आहे. हे २,४१९ रुपये वरच्या दोन्ही चुकांच्या चौपटीहून जास्त आहेत, आणि अंकगणिताच्या कोणत्याही ताळ्याला ते दिसणार नाहीत. त्यासाठी दरांची अशी यादी हवी जिच्यात प्रत्येक दरासमोर तो कोणत्या तारखेपासून लागू आहे हे लिहिलेले असेल. शिवाय दर बदलाच्या आसपासच्या बिलांसाठी माल कधी दिला, बिल कधी झाले आणि पैसे कधी मिळाले या तीन तारखाही हव्यात, कारण कलम १४ दर ठरवते ते या तिन्हींवरून. आणि वह्या प्रत्यक्ष ४८० आल्या की ४६०, हे तर यादीलाही कळणार नाही. ते गोदामात मोजूनच कळेल.

तरीही यातून अंकगणिताची तपासणी निरुपयोगी ठरत नाही. तिचा क्रम तेवढा ठरतो. आधी बिल स्वतःशी सुसंगत आहे का ते पाहायचे, मग ते दरांच्या यादीशी, मग आदेशाशी आणि चलनाशी जुळवायचे. पहिल्या पायरीवर नापास झालेले बिल पुढच्या पायऱ्यांवर नेण्यात अर्थ नाही, कारण त्यातला कोणता आकडा आदेशाशी ताडायचा हेच ठरलेले नसते. या पहिल्या पायरीची एक कसोटी तपासणाऱ्यालाच लागू आहे. कागदावर बारा टक्क्यांनी कर लागून शाळेचे ५१५ रुपये वाचत असतील, तर ती ओळही चिठ्ठीत त्याच शब्दांत, त्याच पैशांसकट लिहिली गेली पाहिजे. जो तपासणारा फक्त आपल्या नुकसानीचेच फरक परत पाठवतो, तो बिल तपासत नाही, दर पाडून मागतो. आणि मग विक्रेत्यानेही त्याची चिठ्ठी हिशेब म्हणून न वाचता मागणी म्हणून वाचली, तर त्याला दोष देता येणार नाही.